आकारांची शोधाशोध

पहिलीच्या वर्गाला ‘घरातले आकार शोधून आणा’ हा गृहपाठ दरवर्षी मिळतो आणि दरवर्षी त्याचं होतं तेच होतं. रविवारी रात्री आई किंवा बाबा जुन्या मासिकातून घड्याळ, टीव्ही आणि समोसा कापतात, तक्त्यावर चिकटवतात, खाली स्केचपेननं ‘गोल’, ‘चौकोन’, ‘त्रिकोण’ लिहितात. मूल शेजारी बसून डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडबंद करत असतं. सोमवारी तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागतो, छान दिसतो आणि संपतो. आकार शोधला कोणी, तर मासिकाच्या छायाचित्रकारानं. कापला आईनं. मुलाच्या वाट्याला उरलं ते घड्याळाला ‘गोल’ म्हणणं, आणि ते त्याला बालवाडीपासूनच येत होतं.

या पुस्तिकेतला उपक्रम हाच गृहपाठ आहे, पण तो मुलाच्या हाती दिलेला. वस्तू कागदावर ठेवायची, तिच्याभोवती पेन्सिल फिरवायची, उमटलेली आकृती कापायची, ते कात्रण फिरवून, उलटवून, दुसऱ्यावर ठेवून बघायचं, आणि मनानं चित्र काढायचं ते सगळ्यात शेवटी. पानं चाळणाऱ्याला वाटेल की क्रम मागेपुढे झाला तरी काय बिघडतं. शिक्षकही अनेकदा चित्रापासूनच सुरुवात करतात, कारण त्याला वही आणि पेन्सिल सोडून काही लागत नाही. हा क्रम असाच का, हे सांगण्यासाठी मी ही प्रस्तावना लिहितो आहे.

सहा वर्षांच्या मुलाला शंकरपाळा ओळखता येतो. डब्यातला शंकरपाळा आणि पत्त्यांमधली चौकट सारखी दिसते, हेही ते न विचारता सांगतं. पण तोच आकार कागदावर बघून काढायला सांगा. एक टोक बाहेर पळतं, खालची बाजू गोलसर होते, कधी वरचं टोक आलंच नाही म्हणून मूल तिथे कान काढल्यासारखं एक शेपूट जोडतं. यात मुलाचं काही कमी नसतं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०८ साली मुलांसाठी जी वयवार चाचणी केली, तिच्यात चौरस बघून काढणं पाचव्या वर्षाला ठेवलं होतं आणि शंकरपाळ्याचा आकार बघून काढणं सातव्या. दोन्हींना बाजू चारच, कोपरे चारच. मधली दोन वर्षं लागतात ती तिरक्या रेघांना. उभी आणि आडवी रेघ कागदाच्या कडेला धरून चालते, तिरक्या रेघेला असा आधार नसतो. शंकरपाळ्यात तर चारही रेघा तिरक्या आणि शेवटची नेमकी पहिलीच्या टोकाला येऊन मिळायला हवी. गोल सगळ्यात आधी जमतो, मग चौरस, मग त्रिकोण, मग हा.

म्हणजे पहिलीच्या मुलाचे डोळे हाताच्या पुढे असतात. चित्रापासून सुरुवात केली की आपण डोळ्यांना हाताच्या चालीनं चालायला लावतो. मुलाला जे दिसतं ते काढता येत नाही, आणि जे काढता येतं त्यावरून आपण त्याला काय दिसलं याचा अंदाज बांधतो. वस्तूभोवती पेन्सिल फिरवताना मात्र रेघेला आधार वस्तूच देते. शंकरपाळ्याभोवती रेघ मारणं पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. हाताची अडचण बाजूला होते आणि मग आकाराशी खेळता येतं.

दुसरं कारण डोळ्यांचं आहे. हॉलंडमधल्या पिएर व्हॅन हीले आणि दीना व्हॅन हीले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्यानं १९५७ साली आपापल्या प्रबंधांत भूमिती शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरचं मूल आकार अख्खा बघतं. दारासारखा दिसतो म्हणून आयत, डोंगरासारखा दिसतो म्हणून त्रिकोण. बाजू किती, त्या सरळ आहेत का, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. आपण माणसं ओळखतो ती नाकडोळे मोजून ओळखतो का? तसंच हे. पुढच्या पायरीवर मूल गुणधर्मांकडे बघू लागतं : तीन बाजू, तीन कोपरे, सगळ्या बाजू सरळ. या पायऱ्या वयानं आपोआप चढल्या जात नाहीत, काय हाताळायला मिळालं यावर ते अवलंबून असतं, असं या दोघांचं म्हणणं होतं. पुढे १९९९ साली पिएर व्हॅन हीले यांनी लहान मुलांच्या भूमितीवर एक लेख लिहिला, त्याची सुरुवातच आयतातून कापलेल्या सात तुकड्यांच्या कोड्यानं केली आहे. तुकडा हातात असला की तो फिरतो. वहीतलं चित्र फिरत नाही, आणि पाठ्यपुस्तकातला त्रिकोण तर वर्षानुवर्षं टोक वर करून तळावर बसलेला असतो.

याचा परिणाम कोणत्याही पहिलीच्या वर्गात बघता येतो. चौरसाचं कात्रण फळ्यावर सरळ धरा, वर्ग ओरडतो ‘चौकोन!’ मुलांच्या डोळ्यांदेखत तेच कात्रण टोकावर उभं करा. निम्मा वर्ग ‘पतंग’ म्हणतो. परत सरळ करा, परत चौकोन. कागद तोच आहे हे मुलांना दिसत असतं, तरी नाव बदलतं, कारण त्यांच्या लेखी उभं कसं राहिलंय हाही आकाराचाच भाग आहे. इथे ‘नाही, चौरसच आहे’ असं सांगून काही होत नाही. मूल मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पतंग म्हणतं.

त्यावरचा उपाय या पुस्तिकेत ‘खिडक्या’ या नावानं आला आहे, आणि संपूर्ण उपक्रमातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच. जाड पुठ्ठ्यातून मोठ्यांनी ब्लेडनं आकार नीट कापून काढायचा. तुकडा निघाला की पुठ्ठ्यात त्याची खिडकी राहते. आता तुकडा आणि खिडकी, दोन्ही मुलाच्या हातात द्यायची. मॉन्टेसरी वर्गात लाकडी चौकटीत बसणाऱ्या भौमितिक आकृत्या असतात, त्यांचाच हा घरगुती अवतार. ती लाकडी साधनं महाग. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला काम केलं तेव्हा परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालवाडीचं साहित्य उभं केलं. पुठ्ठ्याची खिडकी त्याच वाटेवरची. खोक्याचा पुठ्ठा आणि दहा मिनिटं, एवढाच तिचा खर्च.

तुकड्याच्या एका कोपऱ्याला लाल ठिपका द्यायचा. मग मुलाला विचारायचं, हा तुकडा पालथा न घालता खिडकीत किती तऱ्हांनी बसतो? चौरस चार तऱ्हांनी बसतो. लाल ठिपका प्रत्येक कोपऱ्यात जाऊन येतो. आयत दोनच तऱ्हांनी. पाव फेरा दिला की तो अडतो, लांब बाजू खिडकीच्या आखूड बाजूवर आदळते. चौरस आणि आयत यांतला फरक पट्टीनं न मोजता मुलाला इथे बोटांना लागतो. शंकरपाळाही दोन तऱ्हांनी बसतो, पण आयत आणि शंकरपाळा यांची अडण्याची जागा वेगळी असते. गोल कसाही फिरवा, बसतोच, आणि ठिपका कुठेही थांबतो. मोठ्या भावंडाच्या कंपासपेटीत दोन गुण्या असतात. त्यांतली लांबुडकी घेऊन तिची खिडकी कापली तर ती एकाच तऱ्हेनं बसते, म्हणून मुलांना ती फार चिडवते आणि फार आवडते.

आता खिडकीचा पुठ्ठा तिरका धरा आणि विचारा, काय आहे? मूल म्हणेल पतंग. हातातला तुकडा काय आहे? चौकोन. बसव बरं. तो बसतो. इथे मूल थोडा वेळ गप्प होतं. काही मुलं पुठ्ठा स्वतः फिरवून सरळ करतात आणि मग बसवतात. काही तुकडा तिरका करतात. दोन्ही चालतं. नाव आपण सांगायची घाई करायची नाही.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. मुलानं स्वतः कापलेला तुकडा खिडकीसाठी चालत नाही. सहा वर्षांच्या हातानं कापलेल्या चौरसाची एक बाजू थोडी आत आलेली असते, तो चारऐवजी एकाच तऱ्हेनं बसतो, आणि मूल भलतंच शिकतं. म्हणून खिडक्या आणि त्यांचे तुकडे मोठ्यांनी कापायचे, तुकडा किंचित सैल ठेवायचा. मुलाची कात्रणं चिकटवण्यासाठी आणि जुळवण्यासाठी.

कात्रण कापण्याबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण बहुतेक घरांत उपक्रम इथेच अडतो. कात्री बोथट टोकाची, पण धार असलेली हवी. खेळण्यातली प्लॅस्टिकची कात्री कागद कापण्याऐवजी चावते आणि मूल कंटाळतं. कात्री धरलेल्या हाताचा अंगठा वर. वळण आलं की मूल कात्री वळवायला जातं, मनगट मुडपतं आणि कागद फाटतो. कात्री समोर सरळच ठेवायची, दुसऱ्या हातानं कागद फिरवायचा, एवढं एक जमलं की गोलही जमतो. पहिल्या दिवशी सरळ बाजूंचेच आकार द्यावेत, तेही मुलाच्या तळहाताएवढे. काडेपेटीहून लहान आकृती कापणं त्या हातांना जड जातं. कागदासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं उत्तम, आणि त्याहून उत्तम म्हणजे लग्नपत्रिका. ती जाड असते, एका अंगाला छापलेली आणि दुसऱ्या अंगाला कोरी असते, आणि घरात तिचा दुसरा काही उपयोग नसतो. पत्रिकेवर देवाचं चित्र असेल तर आजी कापू देणार नाही, तो भाग आधीच बाजूला काढावा.

रेघ मारताना वस्तू सरकते ही नेहमीची तक्रार. वाटी सरळ ठेवली तर तिचं बूड लहान आणि पोट बाहेर आलेलं, पेन्सिल आत पोचतच नाही. ती पालथी घालावी. फुलपात्राचं उलट आहे. ते सरळ ठेवून एक गोल काढायचा, पालथं घालून दुसरा काढायचा, आणि दोन्ही कापून एकमेकांवर ठेवायचे. एकाच फुलपात्राचे दोन वेगवेगळे गोल निघाले की मुलाला जो आनंद होतो तो गमतीचा असतो. बांगडी त्याहून सोपी, तिला तर आतून आणि बाहेरून दोन्हीकडून पेन्सिल फिरते. वीस रुपयांचं नाणं मुलांना गोलच वाटतं. रेघ मारून नीट बघितलं की त्याला बारा सरळ कडा सापडतात. आजीच्या डब्यात जुने वीस पैसे असतील तर तिथे सहा.

चेंडू मात्र फसवतो. मूल चेंडूला गोल म्हणतं आणि ताटलीलाही गोल म्हणतं. दोन्ही तक्त्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले मी कितीतरी पाहिले आहेत. हा घोळ बोलून सोडवण्यात अर्थ नाही. चेंडू कागदावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायला सांगायचं. पेन्सिल पोटाखाली जाते, चेंडू निसटतो. मग चेंडू ओला करून वर्तमानपत्रावर ठेवायचा. ताटलीचा कडेकडेनं गोल उमटतो, चेंडूचा नुसता एक ठिपका. मुलं पुन्हा पुन्हा करून बघतात. ठिपक्याचा अर्थ लगेच सांगायची गरज नाही. ज्यांच्याभोवती रेघ मारता येते ती एक टोपली आणि जी निसटतात ती दुसरी, एवढं वर्गीकरण पहिलीला पुरतं. लिंबू, मोसंबं, गोट्या सगळे दुसऱ्या टोपलीत जातात. नंतर मोसंबं मधोमध कापून त्याची फोड कागदावर पालथी ठेवली की ते पहिल्या टोपलीत येतं, आणि त्यावर वाद होतो. होऊ द्यावा.

आता काडेपेटी. रिकामी. या एका वस्तूवर पुस्तिकेनं दोन पानं खर्च केली आहेत आणि ती योग्य आहेत. एका मुलीला मी हे करताना जवळून पाहिलं. तिनं काडेपेटी आडवी ठेवली, रेघ मारली, उचलली आणि सांगितलं, “झाला काडेपेटीचा आकार.” मी विचारलं, “कुशीवर ठेवली तर?” तिनं ठेवली, रेघ मारली. आता लांब, चिंचोळा आयत आला. “ही बारीक काडेपेटी,” ती म्हणाली. मग तिनं न सांगता ती उभी केली. उभी काडेपेटी धरून ठेवायला तिला दुसरा हात कमी पडला, तो मी दिला. तिसरा आयत आला, सगळ्यांत लहान. ती थांबली, काडेपेटी उलटीपालटी केली आणि उरलेल्या तीन अंगांच्याही रेघा मारल्या. सहा कात्रणं झाली. मी विचारलं, “यांतली सारखी कोणती?” एकावर एक ठेवत तिनं जोड्या लावल्या, तीन जोड्या निघाल्या. पुढचं काम तिनं स्वतःच शोधलं. प्रत्येक कात्रण खळीनं काडेपेटीच्या ज्या अंगाचं होतं त्याच अंगावर परत चिकटवायचं. एक चुकीच्या अंगावर लावलं तेव्हा ते कडेवरून बाहेर आलं. तिनं ते सोलून काढलं आणि समोरच्या अंगावर लावून बघितलं. तिथेही बाहेर आलं. मग ती तिसऱ्या जोडीकडे गेली. समोरासमोरची अंगं सारखी असतात, हे वाक्य ती बोलली नाही. पण पुढे टूथपेस्टचं खोकं दिलं तेव्हा तिनं सहाऐवजी तीनच बाजूंच्या रेघा मारल्या आणि प्रत्येक आकृती दोनदा कापली.

या प्रसंगात मोठ्या माणसाचं काम फार थोडं होतं. ‘कुशीवर ठेवली तर?’ आणि ‘सारखी कोणती?’ हे दोन प्रश्न, आणि काडेपेटी धरायला एक हात. पुस्तिकेत पालकांसाठी म्हणून जे प्रश्न दिले आहेत ते सगळे याच जातीचे आहेत. ‘हा कोणता आकार?’ हा प्रश्न त्यांत जवळजवळ नाही, तो का नाही हे आता लक्षात आलं असेल.

त्रिकोणाची गोष्ट वेगळी आहे, कारण घरात त्रिकोण सापडतच नाही. चौकोन पावलोपावली, गोल स्वयंपाकघरभर, त्रिकोण मात्र समोशापाशी येऊन संपतो. मग मुलं त्रिकोण म्हणून जे आणतात ते बघण्यासारखं असतं : कपड्याचा हँगर, कलिंगडाची फोड, इस्त्री आणि डब्यातली पोळी. पोळीवर थांबायला हवं. गोल पोळी अर्धी दुमडली, पुन्हा अर्धी दुमडली की डब्यात ठेवायची चार पदरी घडी होते. तिला कोपरे तीन. पहिलीतली बहुतेक मुलं तिला त्रिकोण म्हणतात, आणि खरं सांगायचं तर अनेक पालकही. अख्खा बघितला तर तो दिसतोच त्रिकोणासारखा. आता कागदाच्या गोलाची तशीच घडी करायची आणि प्रत्येक बाजूला पट्टी लावून बघायची. दोन बाजूंना पट्टी चिकटून बसते. तिसऱ्या बाजूला पट्टी टेकते तिथे मध्येच टेकते आणि दोन्ही टोकांशी फट राहते. ‘पट्टी सगळ्या बाजूंना बसते का?’ ही चाचणी मुलं एकदा शिकली की हँगर, इस्त्री, कलिंगड सगळ्यांना लावत सुटतात, आणि त्यांचे त्रिकोण धडाधड बाद होतात. मग राहतं काय? समोशालाही फुगलेलं पोट आहे, हे कोणीतरी म्हणतंच.

शोधून सापडत नाही तेव्हा त्रिकोण करावा लागतो. लग्नपत्रिकेचा आयताकृती तुकडा घ्यायचा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पट्टीनं रेघ मारायची आणि कापायचं. दोन त्रिकोण मिळतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या डोंगरासारखे ते दिसत नाहीत. एक बाजू लांब, एक आखूड, एक तिरकी. काही मुलं त्यांना त्रिकोण मानायला तयार नसतात. पट्टी लावा म्हटलं की मानतात. आता हे दोन तुकडे सारख्या बाजू एकमेकींना भिडवून जोडायचे. पहिल्यांदा मूळचा आयत परत येतो. मग आखूड बाजू जोडून बघा, लांब बाजू जोडून बघा, तिरकी जोडून बघा, आणि एक तुकडा पालथा घालून पुन्हा हेच. एकूण सहा आकार होतात : आयत, दोन वेगवेगळे तिरके चौकोन, एक उंच त्रिकोण, एक बसका त्रिकोण आणि एक पतंग. हा खरा पतंग, मघाचा चौरस नव्हे. यात पत्रिकेचा फायदा कळतो. दोन्ही त्रिकोण आणि पतंग करताना एक तुकडा पालथा घालावाच लागतो, म्हणून त्या तीन आकारांत अर्धा भाग छापील दिसतो आणि अर्धा कोरा. आयत आणि तिरके चौकोन मात्र सगळे छापील किंवा सगळे कोरे. मुलांनी सहाही शोधावेत असा आग्रह नको. तीन सापडले तर छानच. आयताऐवजी चौरस कापून दिला तर आकारच कमी होतात, म्हणून सुरुवातीला चौरस देऊ नये.

एवढं झाल्यावर चित्र. इथवर आलेल्या मुलाला आता कात्रण बाजूला ठेवून तोच आकार मनानं काढायला सांगितलं की ते कसं काढतं यात फरक पडलेला असतो. रेघ अजून वाकडीच असते, ती वर्षभर वाकडी राहील. पण त्रिकोणाला तीनच टोकं येतात, रेघा टोकाशी येऊन मिळाव्यात म्हणून मूल हात सावकाश नेतं, आणि एखादं मूल त्रिकोणाचं टोक खाली करून काढतं. चित्राला गुण देताना हेच बघावं. रेघ किती सरळ आहे हे बघायला चित्रकलेचा तास आहे. शंकरपाळा जमला नाही तर ठिपक्यांची रांगोळी कामी येते. चार ठिपके देऊन ते जोडायला सांगितलं की तिरक्या रेघेला दोन्ही टोकांना आधार मिळतो.

उपक्रमाच्या मर्यादाही सांगून टाकतो. चौरस हाही एक आयतच असतो, हे पहिलीत सांगू नये. व्याख्येतून व्याख्या निघते ही गोष्ट व्हॅन हीले यांच्या पायऱ्यांवर आणखी वर आहे, आणि पहिलीच्या मुलाला ती सांगितली तर ते शब्द पाठ करेल, एवढंच. पुस्तिकेनं तो विषय टाळला आहे, ते बरं केलं. अंडाकृती, पंचकोन ही नावंही आली तर येऊ द्यावीत, मुद्दाम आणू नयेत. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच कोपऱ्यांचा ठसा येतो. मुलं त्याला फूल म्हणतात, आणि या वयाला तेवढं पुरे.

वेळेचं म्हणाल तर एका बैठकीला वीस मिनिटं, आठवड्यात तीन बैठका, असे साधारण दोन आठवडे धरावेत. सगळं एका रविवारी उरकायला गेलात तर कात्री पुन्हा आईच्या हातात जाईल. शाळेत आणायचं ते तक्ता नको, पाकीट आणावं. त्यात सुटी कात्रणं आणि ज्या वस्तूंची ती आहेत त्यांची यादी, तीही जमेल तशी चित्रांनी. वर्गात पाकिटं बदलायची आणि दुसऱ्याच्या कात्रणावरून वस्तू ओळखायची. लहान गोल आला तर तो झाकणाचा की फुलपात्राच्या बुडाचा, हे कात्रणावरून कळत नाही, आणि मुलं त्यावर भांडतात तेव्हा बाईंनी मध्ये पडू नये.

ज्यांचं लवकर आटपतं त्यांच्यासाठी शेवटच्या पानावर एक काम दिलं आहे. पावडरच्या गोल डब्याभोवती कागद एकदा घट्ट गुंडाळायचा, जिथे कागद कागदाला भेटतो तिथे कापायचा आणि उलगडायचा. आधी काय येईल ते सांगायचं, मग उलगडायचं. बहुतेक मुलं गोल येईल असं सांगतात.